25 मिमी प्लंजर आणि बुश: सरकत्या फिटसाठी मापं ठरवण्याच्या कामाच्या नोंदी

3 फेब्रुवारी: काम काय आहे

सहा इंडेक्सिंग फिक्स्चर करायची आहेत. प्रत्येकात हाताने ओढायचा एक प्लंजर आहे. व्यास 25 मिमी, ईएन 31, हार्डन करून ग्राइंड केलेला. तो बीडाच्या बॉडीत दाबून बसवलेल्या ब्रॉन्झच्या बुशमधून सरकतो. ओढला की मोकळा सुटावा, सोडला की स्प्रिंगने परत जागेवर बसावा आणि बसल्यावर टोक हलू नये. टोकाची चाल एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत 0.06 मिमीच्या आत हवी, कारण त्याहून जास्त झाली तर जॉबवरच्या भोकांचं अंतर चुकतं.

प्लंजर झिजतात आणि बदलावे लागतात. त्यामुळे कुठलाही प्लंजर कुठल्याही बुशमध्ये चालला पाहिजे. एकच नग असता तर भोक आधी करून, मोजून, त्याला बेताचा प्लंजर घासला असता आणि काम संपलं असतं. इथे ते चालणार नाही. दोन्ही भागांना कमाल आणि किमान माप ठरवून द्यावं लागेल.

4 फेब्रुवारी: फिट निवडताना

आयएस 919 या भारतीय मानकाच्या तक्त्यात 25 मिमी हे माप 18 ते 30 च्या ओळीत येतं. अक्षर सांगतं की टॉलरन्सचा पट्टा नाममात्र मापापासून किती लांब आहे आणि आकडा सांगतो की पट्टा किती रुंद आहे. मोठं अक्षर भोकासाठी, लहान अक्षर शाफ्टसाठी. भोक H7 ठेवलं की ते 25.000 ते 25.021 येतं. भोकाचं अक्षर H धरण्याचं कारण सरळ आहे: बाजारात H7 चा रीमर आणि H7 चा प्लग गेज सहज मिळतो, आणि शाफ्ट मात्र ग्राइंडरवर हवा तसा कमीजास्त करता येतो.

मग प्रश्न उरतो शाफ्टचा. तीन पर्याय मांडून पाहिले. शाफ्ट h6 घेतला तर 24.987 ते 25.000, म्हणजे मोकळीक शून्यापासून 34 मायक्रॉनपर्यंत. शून्य मोकळीक म्हणजे तेलालाही जागा नाही; हाताने ओढायच्या प्लंजरला ते नको. शाफ्ट g6 घेतला तर 24.980 ते 24.993, मोकळीक 7 ते 41 मायक्रॉन. H8/f7 घेतलं तर मोकळीक 20 ते 74 मायक्रॉन. हे फिरत्या बेअरिंगच्या शाफ्टला ठीक, जागा पकडणाऱ्या प्लंजरला सैल.

H7/g6 पक्कं करून ड्रॉइंग पुढे पाठवणार होतो. तेवढ्यात टोकाची चाल कागदावर काढून पाहिली आणि थांबावं लागलं.

मोकळीक म्हणजे टोकाची चाल नव्हे. प्लंजर बुशमध्ये थोडा कलतो, आणि बुशबाहेर जितका लांब डोकावेल तितकी ती चाल वाढते. हिशेब असा:

```
टोकाची चाल = मोकळीक × (1 + 2 × बाहेरची लांबी ÷ बुशची लांबी)
```

पहिल्या ड्रॉइंगमध्ये बुश 40 मिमी आणि प्लंजर 20 मिमी बाहेर होता. म्हणजे कमाल मोकळिकीच्या दुप्पट: 0.041 × 2 = 0.082 मिमी. हवं होतं 0.06.

इथे सगळ्यांचा हात पहिल्यांदा फिट घट्ट करण्याकडे जातो. आमचाही गेला. पण h6 घेऊनसुद्धा 0.034 × 2 = 0.068 येतं, म्हणजे तरीही बाहेरच, आणि वर अडकण्याची भीती. फिट घट्ट करून हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो लांबीने. बुश 50 मिमी केला आणि बॉडीची भिंत पुढे घेऊन प्लंजर फक्त 10 मिमी बाहेर ठेवला. आता गुणक 1.4 झाला आणि सर्वात सैल जोडीतही 0.041 × 1.4 = 0.057 मिमी. फिट H7/g6 च राहिलं. पॅटर्नमध्ये भिंत जाड करायला अर्धा दिवस गेला, एवढाच खर्च.

7 फेब्रुवारी: बुशचं बाहेरचं माप

बुशचा बाहेरचा व्यास 32 मिमी. बॉडीतलं भोक 32 H7, म्हणजे 32.000 ते 32.025. बुश p6, म्हणजे 32.026 ते 32.042. तक्त्यात 32 मिमी ही पुढची ओळ, 30 ते 50. ओळ बदलते हे विसरून 25 चेच आकडे उचलायची चूक फार होते, म्हणून इथे लिहून ठेवलं.

आतलं भोक लेथवर बोअर करून 25 H7 मध्ये आणलं. सहाही बुश 25.008 ते 25.014 निघाले. प्लग गेजचं किमान मापाचं गो टोक सहज गेलं, कमाल मापाचं नो-गो कुठेच गेलं नाही. सगळ्यांवर ओके लिहिलं. ही या कामातली सर्वात महाग चूक ठरली.

10 फेब्रुवारी: दाबल्यावर

बॉडीची भोकं 32.010 ते 32.014 आणि बुश 32.030 ते 32.036 होते. म्हणजे बुश भोकापेक्षा 16 ते 26 मायक्रॉन मोठे. आर्बर प्रेसवर सहाही सरळ बसले, एकही तिरका गेला नाही. मग चाचणीसाठी 24.987 चा प्लंजर घालून पाहिला. दोनमध्ये गेला. उरलेल्या चारमध्ये हाताच्या जोराने गेला नाही.

बोअर गेजने पुन्हा मोजलं तेव्हा आतली भोकं 24.988 ते 25.001 होती. बाहेरून दाब आला आणि आतलं भोक आक्रसलं. बुशची भिंत फक्त साडेतीन मिमी आहे. तो दाब भिंतीत मुरत नाही, आत पोचतो.

किती आक्रसेल याचा अंदाज आधीच काढता आला असता. बॉडी जाड असेल आणि दोन्ही धातूंची लवचिकता जवळजवळ सारखी असेल (ब्रॉन्झ आणि बीड यांची साधारण तशी असते), तर जितकं जास्तीचं माप दाबून बसवलं त्याला आतला व्यास भागिले बाहेरचा व्यास या प्रमाणाने गुणायचं. इथे 25 ÷ 32 म्हणजे 0.78. जास्तीचं माप 26 मायक्रॉन असलेल्या बुशचं भोक 20 मायक्रॉनने कमी झालं होतं आणि 16 वाल्याचं 13 ने, म्हणजे हिशेब प्रत्यक्षाशी जुळतो. ड्रॉइंगच्या टोकाच्या मापांत तर हे जास्तीचं माप 42 पर्यंत जाऊ शकतं, आणि मग आतलं भोक 33 मायक्रॉनने कमी होईल. आपली किमान मोकळीक फक्त 7 आहे! म्हणजे आतलं भोक दाबण्याआधी अगदी बरोबर असलं तरी त्याला काही अर्थ नाही. ते दाबल्यानंतरच पक्कं करायला हवं.

11 फेब्रुवारी: वाचवायचा प्रयत्न

एका बुशमध्ये 25 H7 चा रीमर चालवून पाहिला. कापायला उरलं होतं जेमतेम 15 ते 20 मायक्रॉन. एवढ्यात रीमरची धार धातूत शिरत नाही, नुसती घासते. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला, तोंडाशी माप 25.019 आणि मध्ये 25.006. तोंड भोंग्यासारखं मोठं. असा बुश गेजला फसवतो, कारण गो जातो, नो-गो तोंडाशी अडतो, आणि टोकाची चाल मात्र वाढलेली असते.

दुसरा सल्ला आला तो लॅपिंग पेस्ट लावून प्लंजर फिरवायचा. तो मुद्दाम नाकारला. ब्रॉन्झ मऊ आहे. पेस्टचे कण त्यात रुततात आणि धुऊनही निघत नाहीत. मग बुश हाच घासणारा दगड बनतो आणि हार्ड प्लंजर झिजवत राहतो. तिसरा मार्ग प्लंजरच थोडे बारीक करण्याचा होता. पण मग प्रत्येक प्लंजर एकाच बुशचा झाला असता आणि सगळ्या मापांचा खटाटोप वाया गेला असता.

सहाही बुश काढून टाकले. ब्रॉन्झचं सुमारे 2,800 रुपयांचं नुकसान आणि दोन दिवस. बुश काढल्यावर बॉडीची भोकं परत मोजली: 32.013 ते 32.016, म्हणजे किंचित वाढली होती पण हद्दीत होती. नवे बुश बाहेरून p6 च्या वरच्या भागात, 32.038 ते 32.042 ठेवायचे ठरवलं, म्हणजे पकड कमी होणार नाही.

14 फेब्रुवारी: नवे बुश

या वेळी आतलं भोक 24.85 वर बोअर करून थांबलो. दाबल्यावर ते साधारण 24.83 झालं. म्हणजे रीमरला व्यासात 0.17 मिमी मिळालं. 25 मिमीच्या मशीन रीमरला 0.15 ते 0.20 पुरतं. दोन्ही टोकांना आतून 1 मिमी चॅम्फर दाबण्याआधीच दिला.

आता प्रश्न रीमरचा. H7 चा नवा रीमर नेमका 25.000 नसतो, तो 25.009 ते 25.017 असतो. भोक सहसा रीमरपेक्षा थोडं मोठं कापलं जातं आणि रीमर हळूहळू झिजतो, म्हणून बनवणारे तो पट्ट्याच्या वरच्या बाजूला ठेवतात. बॉक्सवर H7 लिहिलेलं पाहिलं तरी मायक्रोमीटरने मोजून घ्या. आमचा 25.012 होता. किंमत सुमारे 2,400 रुपये.

पहिला बुश ड्रिल मशीनवर, रीमर सरळ स्पिंडलमध्ये धरून केला. भोक 25.026 आलं आणि नो-गो आरपार गेला. स्पिंडलची थरथर रीमरने तशीच भोकात उतरवली. तो एक बुश वाया. पुढचे पाच फ्लोटिंग होल्डरमध्ये रीमर धरून केले, म्हणजे रीमर भोकाच्या मागे जातो, स्पिंडलच्या मागे नाही. वेग 120 आरपीएम, भरपूर सोल्युबल ऑइल, आणि रीमर बाहेर काढताना उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की धार मोडते आणि भोकात ओरखडा पडतो. पाच भोकं 25.010 ते 25.015. सहावा बुश नव्याने करून तोही 25.013.

17 फेब्रुवारी: प्लंजरसाठी तयार बार का नाही

कामाच्या मध्येच प्रश्न आला की 25 मिमीची ब्राइट बार थेट वापरली तर ग्राइंडिंगचा खर्च वाचेल. ब्राइट बार साधारण h9 किंवा h11 ला मिळते. h9 म्हणजे 24.948 ते 25.000, h11 म्हणजे 24.870 पर्यंत खाली. सर्वात मोठं भोक 25.021 आणि सर्वात लहान h9 बार 24.948 घेतली तर मोकळीक 73 मायक्रॉन, आणि टोकाची चाल 0.1 च्या पुढे. बार अगदी वरच्या हद्दीला, 25.000 ला असली तर मात्र ती नेमक्या 25.000 च्या भोकात जाणारच नाही. दोन्हीकडून तोटा. सोडून दिलं.

दुसरा पर्याय होता हार्डन केलेला तयार शाफ्ट, जो बऱ्याचदा h6 मध्ये येतो. त्याला H7 भोक चालत नाही, कारण किमान मोकळीक शून्य होते. शाफ्टला हात लावायचा नसेल तर भोकच बदलून G7, म्हणजे 25.007 ते 25.028 करावं लागतं. गंमत अशी की G7/h6 ची मोकळीकही 7 ते 41 च येते, H7/g6 सारखीच. फरक फक्त कोणाला हलवायचं याचा. पण G7 चा रीमर सहज मिळत नाही, तो करवून घ्यावा लागतो. सहा नगांसाठी तो खर्च परवडत नव्हता. पुढे कधी पन्नास-शंभर फिक्स्चर करायची वेळ आली तर हा मार्ग परत पाहायला हवा.

20 फेब्रुवारी: मायक्रोमीटर बरोबर, गेज नाही

प्लंजर बाहेर सेंटरलेस ग्राइंडिंगला दिले होते. ड्रॉइंगवर फक्त "25 g6" न लिहिता आकडे लिहिले: 24.980 ते 24.993. ग्राइंडरला पट्ट्याच्या मध्यावर, 24.987 च्या आसपास, राहायला सांगितलं. चाक झिजलं की माप वाढत जातं, म्हणून वरच्या हद्दीला चिकटून काम करू नये.

नग आले. मायक्रोमीटर फिरवून मोजले तर 24.987 ते 24.990, कुठेही चूक नाही. पण 24.993 च्या गो रिंग गेजमध्ये आठपैकी तीन शिरेनात. माप हद्दीपेक्षा कमी आणि गेजमध्ये जात नाही, हे एकदम विचित्र वाटतं. कारण गोलाईत होतं. सेंटरलेसवर काम नीट लावलं नाही तर शाफ्ट तीन बाजूंनी फुगीर होतो. मायक्रोमीटरचे दोन जबडे समोरासमोर असतात: एका बाजूला फुगवटा आला की समोरच्या बाजूला खोलगट भाग येतो, आणि सगळीकडे व्यास सारखाच दिसतो.

ओळखायचं साधन सोपं आहे. प्लंजर 90 अंशाच्या व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून वर डायल लावायचा आणि हळू फिरवायचं. त्या तिघांवर काटा एका फेऱ्यात तीनदा वर-खाली झाला, 16 मायक्रॉनने. 90 अंशाचा व्ही-ब्लॉक तीन फुगवट्यांची चूक दुप्पट दाखवतो, म्हणजे खरी चूक 8 मायक्रॉन. मायक्रोमीटरवर 24.990 दिसणारा प्लंजर भोकात 24.998 सारखा वागतो. आत्ताच्या 25.010 च्या भोकात तो सरकला असता आणि कोणाला कळलंही नसतं. पण उद्या कुठल्या बुशचं भोक 25.001 निघालं तर तो तिथे अडकू शकतो.

तिन्ही प्लंजर बाद केले. नवे सेंटरवर धरून ग्राइंड केले. त्याआधी हार्डनिंगनंतरची काजळी सेंटरच्या भोकांतून साफ केली, नाहीतर सेंटरची वेडीवाकडी बसण शाफ्टवर उतरते. तीन नगांना 4 तास. डायलचा काटा 2 मायक्रॉनच्या आत राहिला आणि गो रिंगमधून सगळे गेले.

त्याच दिवशी गरम जॉब मोजण्याची चूकही सापडली. ग्राइंडरवरून काढल्या काढल्या मोजलेला 24.987 चा प्लंजर दुसऱ्या दिवशी 24.982 निघाला. पोलाद 20 अंशांनी गरम असेल तर 25 मिमीला 6 मायक्रॉन वाढतं, म्हणजे g6 चा अर्धा पट्टा. मायक्रोमीटर आणि जॉब एकाच टेबलावर तासभर ठेवून मगच मोजायचे. खोली 20 अंशांची नसली तरी चालेल, दोन्ही पोलादाचे आहेत आणि दोन्ही एकाच तापमानाला आहेत एवढं पुरे.

24 फेब्रुवारी: जुळवणी, आणि शेवटचं अडलेलं

सहाही प्लंजर हलकं स्पिंडल ऑइल लावून आत घातले. सर्व जोड्यांत हाताने सहज सरकले. डायल लावून टोकाची चाल मोजली. भोक 25.013 आणि प्लंजर 24.985 या जोडीत मोकळीक 28 मायक्रॉन, हिशेबाने 0.039, डायलवर 0.04. सर्वात सैल जोडीत 0.046.

मग स्प्रिंग आणि मागचं झाकण बसवलं, आणि एकदम सगळे प्लंजर सुस्त झाले. सोडल्यावर अर्ध्या वाटेत रेंगाळून मग बसत होते. पहिला संशय फिटवर आला आणि एक प्लंजर 24.982 पर्यंत घासायची तयारीही झाली. तो घासला नाही, हे बरं झालं. झाकण काढलं की प्लंजर पुन्हा मोकळा चालायचा. माप तेच, फरक झाकणाचा. 28 मायक्रॉनच्या मोकळिकीत तेल भरलं की प्लंजर पिस्टनसारखा होतो आणि मागच्या बंद जागेत हवा आत-बाहेर होऊ शकत नाही. प्लंजर पुढे जाताना मागे पोकळी तयार होते आणि तीच त्याला धरून ठेवते.

झाकणात 3 मिमीचं भोक मारलं. सहाही प्लंजर सोडल्याबरोबर आवाज करून बसले. चिप्स आत जाऊ नयेत म्हणून भोक खालच्या बाजूला घेतलं. झाकणाच्या ड्रॉइंगवर ते आता कायमचं आहे, आणि बुशच्या ड्रॉइंगवर 25 H7 च्या शेजारी "बॉडीत दाबल्यानंतर रीम करावे" असं लिहिलं आहे. प्लंजरच्या ड्रॉइंगवर 24.980 ते 24.993 च्या खाली "सेंटरवर ग्राइंड, गो रिंगने तपासावा" एवढी एक ओळ वाढवली. दोन सुटे प्लंजर करून, मापं चिठ्ठीवर लिहून, तेल लावून ठेवले आहेत: 24.984 आणि 24.988.